गोळीमागची गोळी: वृद्ध रुग्णाच्या औषधांचे पुनरावलोकन परिचारिकेने कोठून सुरू करावे

प्रश्न: मी वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यासक्रम करते आहे. बहुऔषधोपचाराची व्याख्या आणि बीअर्स निकष वाचून झाले आहेत, पण वॉर्डात अकरा-बारा औषधे चालू असलेला रुग्ण समोर आला की सुरुवात कोठून करायची आणि डॉक्टरांनी औषध कमी केल्यावर परिचारिकेने नेमके काय पाहायचे, हे कळत नाही. कोणी उदाहरण घेऊन सविस्तर सांगेल का?

उत्तर:

सुरुवात औषधांच्या यादीपासून करू नका, तारखांपासून करा. यादीत सगळी औषधे एका रांगेत उभी असतात आणि प्रत्येकासमोर एखादा आजार लिहिलेला असतो, त्यामुळे प्रत्येक औषध योग्यच वाटते. तीच औषधे ज्या क्रमाने सुरू झाली त्या क्रमाने मांडली की त्यांतले काही आजार खरे आजार नसून आधीच्या औषधाचे दुष्परिणाम आहेत हे दिसू लागते. याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली. मराठीत मी तिला औषधांची साखळी म्हणते. पाच किंवा अधिक औषधे म्हणजे बहुऔषधोपचार ही व्याख्या परीक्षेत लिहावी लागेल, ती लिहा. रुग्णाजवळ उभे असताना मात्र औषधे किती यापेक्षा कोणते औषध कोणामुळे आले हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. बीअर्स निकष १९९१ साली प्रथम आले, स्टॉप-स्टार्ट निकष २००८ साली आले, आणि दोन्ही वेळोवेळी सुधारले जातात. वृद्धांमध्ये कोणते औषध धोक्याचे हे त्यांतून समजते. परंतु या रुग्णाला ते का सुरू झाले हे निकष सांगू शकत नाहीत. ते तुम्हालाच शोधावे लागते.

मी शुश्रूषा केलेल्या एका आजींचे उदाहरण घेते. बहुऔषधोपचाराविषयी मला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे त्यात आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आजींचे वय ७८ आणि वजन ५२ किलो. रात्री दोनच्या सुमारास शौचालयाकडे जाताना त्या पडल्या. हाड मोडले नव्हते, पण कपाळाला टाके पडले होते आणि त्या अधूनमधून असंबद्ध बोलत होत्या, म्हणून त्यांना दाखल करून घेतले. भरतीच्या कागदावर अकरा औषधे होती: टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, कॅल्शियम, पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, पोटॅशियम क्लोराइडचे सिरप, दिवसातून दोनदा ऑक्सिब्युटिनिन २.५ मिलिग्रॅम, लॅक्ट्युलोज आणि रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. ही यादी जुन्या केसपेपरवरून उतरवलेली होती. तिच्यात एक चूक होती, आणि ती चूकच सगळ्यांत महत्त्वाची ठरली.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगितले. सगळी म्हणजे सगळी: डबीतल्या सुट्या गोळ्या, अर्धवट पट्ट्या, मलमे, डोळ्यांचे थेंब, खोकल्याच्या बाटल्या, कोणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या वनस्पतींच्या गोळ्या. ही पिशवी रुग्णाच्या पलंगावर रिकामी करायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन तीन गोष्टी विचारायच्या: ही कशासाठी घेता, कधीपासून घेता आणि प्रत्यक्षात कशी घेता. तिसरा प्रश्न विचारताना आवाजात तपासणीचा सूर येता कामा नये. “आजी, ही रोज घेता ना?” असे विचारले की उत्तर “हो” असेच येते. “आजी, ही गोळी कधी राहून जाते का? कोणत्या वेळेची राहते?” असे विचारले की माणूस मोकळेपणी सांगतो. पट्टीवर खरेदीच्या वेळची खूण असेल किंवा बिल असेल तर उरलेल्या गोळ्या मोजा. गोळ्या मोजल्यावर रुग्णाच्या सांगण्यातली तफावत त्याला न दुखावता कळते.

त्या पिशवीत डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅमची पट्टी निघाली, दहापैकी सहा गोळ्या संपलेली. आजी म्हणाल्या, “ती गुडघ्याची. ती औषधात कशाला धरायची? ती तर दुखण्याची आहे.” पूर्वी एकदा पाच दिवसांसाठी लिहून दिलेली ही गोळी त्या दीड वर्ष दिवसातून दोनदा घेत होत्या. वेदनाशामक, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या, रेचके आणि अ‍ॅसिडिटीची औषधे यांना बहुतेक माणसे औषध समजत नाहीत. म्हणून “आणखी काही औषधे घेता का?” या प्रश्नाला “नाही” हे उत्तर प्रामाणिकपणेच येते. दुखते तेव्हा काय घेता, झोप आली नाही तर काय घेता, पोट साफ झाले नाही तर काय घेता, असे त्रासाचे नाव घेऊन वेगवेगळे विचारायला हवे.

मग मी कोऱ्या कागदावर तारखांचा क्रम लावला. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि कॅल्शियम अनेक वर्षांपासून चालू होते आणि त्यांवर आजींचे बरे चालले होते. अठरा महिन्यांपूर्वी डायक्लोफिनॅक सुरू झाले. तीन आठवड्यांनी छातीत जळजळ होऊ लागली म्हणून पॅन्टोप्राझोल आले. पंधरा महिन्यांपूर्वी रक्तदाब १६८/९० भरला, म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी घोट्यांना सूज आली आणि फ्युरोसेमाइड सुरू झाले. पायांत पेटके येतात म्हणून पोटॅशियमचे सिरप आले, पण ते सुरू करण्यापूर्वी रक्तातले पोटॅशियम तपासल्याची नोंद सापडली नाही. मग लघवीची घाई होऊ लागली, म्हणून ऑक्सिब्युटिनिन. पुढच्याच महिन्यात बद्धकोष्ठ झाले, म्हणून लॅक्ट्युलोज. रात्री चार-चार वेळा उठावे लागल्याने झोप मोडत होती, म्हणून आठ महिन्यांपूर्वी क्लोनाझेपाम आले. आणि शेवटी त्या पडल्या.

प्रत्येक पायरीवर कोणीतरी समोरच्या त्रासाचा उपायच केला होता. कोणी हलगर्जी केली असे मला वाटत नाही. औषधे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिली गेली होती आणि सगळ्या तारखा एकत्र कोणी पाहिल्या नव्हत्या, एवढेच.

आता या साखळीतल्या कड्या का जुळतात ते समजून घ्या, कारण कारण कळले नाही तर पुढचे निरीक्षण यांत्रिक होते. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधांचा परिणामही उणावतो. म्हणजे रक्तदाब वाढला होता हे खरे, पण आजार बळावला होता असे म्हणता येत नाही. अ‍ॅम्लोडिपिनमुळे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या लहान धमन्या सैल होतात, पण पलीकडच्या शिरा त्या प्रमाणात सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी ऊतींमध्ये झिरपते. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमला ही सूज बरीच जास्त आढळते. ती शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे आलेली नसते, म्हणून लघवी वाढवणारे औषध तिच्यावर फारसे चालत नाही. मात्र रक्तातले पाणी आणि क्षार कमी करण्याचे त्याचे काम चालूच राहते. हृदयाच्या कमजोरीची सूज आणि ही सूज पलंगाजवळ वेगळी ओळखण्यासाठी पाहा: वजन झपाट्याने वाढलेले नसते, आडवे झाल्यावर धाप लागत नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या नसतात, दोन्ही घोट्यांवर सूज सारखी असते आणि सकाळी ती कमी होऊन संध्याकाळी वाढते. एकाच पायाला सूज असेल तर ती या विचारात बसवू नका, शिरेतल्या गुठळीचा संशय धरून तत्काळ कळवा.

रात्रीच्या लघवीबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दिवसभर पायांत साठलेले पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परत येते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतात. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा परिणाम सुमारे सहा तास राहतो, म्हणून सकाळच्या गोळीमुळे मध्यरात्री लघवी होते असे म्हणता येणार नाही. दिवसाची घाई फ्युरोसेमाइडची आणि रात्रीची जाग पायांतल्या सुजेची, असा माझा अंदाज होता. ऑक्सिब्युटिनिनने यांतले काहीच सुधारणार नव्हते. ते मूत्राशयाचे स्नायू सैल करते, तोंड कोरडे पाडते, आतडे मंदावते आणि वृद्धांच्या मेंदूत पोहोचून गोंधळ निर्माण करू शकते. मूत्राशय पूर्ण रिकामे झाले नाही तर घाई उलट वाढते. आम्ही लघवीनंतर ब्लॅडर स्कॅन केला तेव्हा २२० मिलिलिटर लघवी आत उरली होती.

एवढे दिसल्यावरही परिचारिका औषध थांबवत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि आजींच्या व मुलीच्या संमतीचा. निर्णय घेता येईल अशी माहिती गोळा करून मांडणे हे आपले काम. मी चार गोष्टी केल्या. पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजला, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी मोजला: आडवे १३२/७४, एका मिनिटाने १०८/६६ आणि डोळ्यांपुढे अंधारी, तीन मिनिटांनी ११०/६८. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते उभे राहिल्यावरचे रक्तदाब-पतन मानतात, आणि इथे वरचा २४ ने उतरला होता. दुसरे म्हणजे ४एटी ही चाचणी केली. गुण ५ आले. ४ किंवा अधिक गुण आले तर डिलिरियमचा संशय धरतात. तिसरे, तीन दिवस लघवीच्या वेळा आणि प्रमाण लिहिले. चौथे, मूत्रपिंडाची क्षमता मोजण्याची आठवण केली. क्रिएटिनिन १.१ होते आणि अहवालात ते सामान्य म्हणून छापले होते. परंतु कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने, म्हणजे १४० मधून वय वजा करून वजनाने गुणायचे, मग क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणायचे, उत्तर मिनिटाला सुमारे ३५ मिलिलिटर आले. स्नायू कमी असलेल्या वृद्ध स्त्रीचे “सामान्य” क्रिएटिनिन असे फसवते. रक्तातले पोटॅशियम ५.३ होते, म्हणजे जास्त. टेल्मिसार्टन आणि डायक्लोफिनॅक दोन्ही पोटॅशियम वाढवतात, मूत्रपिंड थकलेले, आणि वर सिरप.

राउंडच्या वेळी मी जे बोलले ते जवळजवळ शब्दशः देते, कारण विद्यार्थिनी नेमक्या इथेच अडखळतात: “डॉक्टर, आजींच्या यादीत नसलेले डायक्लोफिनॅक दीड वर्ष चालू आहे. ते सुरू झाल्यावर तीन महिन्यांत बीपी वाढले, अ‍ॅम्लोडिपिन दुप्पट झाले, त्यानंतर सूज, मग फ्युरोसेमाइड, मग लघवीची घाई आणि ऑक्सिब्युटिनिन. आज उभे राहिल्यावर बीपी २४ ने उतरते, लघवीनंतर २२० मिली उरते, ४एटी ५ आहे, पोटॅशियम ५.३ आहे. यांतले काय कमी करता येईल हे आज ठरवावे अशी विनंती आहे. तारखांचा कागद फाइलला लावला आहे.” यात कोणाची चूक काढलेली नाही, कोणते औषध बंद करा असेही म्हटलेले नाही, पण निर्णयाला लागणारे सगळे आहे.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: काय आधी आणि काय नंतर. पुस्तकात एका वेळी एकच औषध कमी करावे असे सांगतात. ते योग्यच आहे, कारण दोन बदल एकदम केले तर बरे किंवा वाईट कशामुळे झाले हे कळत नाही. पण जे औषध आत्ता इजा करते आहे त्याला हा नियम लागू करत बसायचे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक, ऑक्सिब्युटिनिन आणि पोटॅशियमचे सिरप ही तीन थांबवली. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि शेक दिला. डायक्लोफिनॅक गेल्यावर रक्तदाब आणखी उतरण्याची शक्यता होती, त्यामुळे अ‍ॅम्लोडिपिनही ५ वर आणले.

फ्युरोसेमाइड मात्र त्या दिवशी थांबवले नाही, आणि याचे कारण नीट समजून घ्या. फ्युरोसेमाइड पोटॅशियम बाहेर टाकते. ते एकदम थांबवले असते तर, सिरप बंद असूनही, टेल्मिसार्टन घेणाऱ्या आणि मूत्रपिंड थकलेल्या या आजींचे आधीच ५.३ असलेले पोटॅशियम आणखी वाढू शकले असते, आणि सिरपही चालूच राहिले असते तर हृदयाचे ठोके बिघडवण्याइतके. जोडीने आलेल्या औषधांपैकी एक काढले की दुसऱ्याचा हिशेब त्याच दिवशी करावा लागतो. असे प्रकार मी पाहिले आहेत. बहुधा मूळ औषध बंद होते आणि त्याच्या सोबतीला दिलेले मागे राहून जाते. पोटॅशियम ४.६ वर आल्यावर आणि हृदयाची इको तपासणी सामान्य आल्यावर आठव्या दिवशी फ्युरोसेमाइड ४० चे २० झाले आणि आणखी आठवड्याने थांबले.

अ‍ॅम्लोडिपिन कमी केल्यावर सूज दुसऱ्या दिवशी उतरत नाही. हे औषध शरीरात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे फरक दिसायला एक-दोन आठवडे जातात. हे मला स्वतःच्या चुकीतून कळले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका रुग्णाच्या चार्टवर मी सलग चार दिवस “सूज कायम” एवढेच लिहिले. त्या नोंदीवरून सुजेचे औषध पुन्हा वाढवले गेले. मी घेर मोजला नव्हता, वजन लिहिले नव्हते, धाप नाही हेही लिहिले नव्हते. त्यामुळे चार्ट वाचणाऱ्याला वेगळा विचार करायला मी काहीच दिले नव्हते. या आजींच्या बाबतीत मी घोट्याच्या वर दहा सेंटिमीटर अंतरावर पेनाने खूण केली आणि रोज सकाळी सात वाजता तिथेच घेर मोजला. पहिल्या दिवशी २५.५ सेंटिमीटर होता, पाचव्या दिवशी २५, तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस २३.

औषध कमी करण्याआधी “काय झाले तर मागे फिरायचे” हेही लिहून ठेवावे लागते. फ्युरोसेमाइडसाठी आम्ही लिहिले होते: दोन दिवसांत दीड किलो वजन वाढले, आडवे झाल्यावर धाप लागली किंवा झोपायला जास्तीची उशी लागली तर लगेच कळवायचे. गोळी निम्मी केल्यावर दुसऱ्या दिवशी वजन ६०० ग्रॅमने वाढले आणि रात्रपाळीच्या सिस्टर घाबरल्या. त्यांनी कागद पाहिला, श्वास मोजला, आजींना सपाट झोपवून पाहिले. धाप नव्हती. पुढच्या दोन दिवसांत वजन तेथेच थांबले. आधी लिहिलेली मर्यादा नसती तर त्या रात्री गोळी पुन्हा पूर्ण सुरू झाली असती, आणि “हिला फ्युरोसेमाइडशिवाय चालत नाही” असा शेरा कायमचा लागला असता. रक्तदाबाचेही तसेच. पहिल्या आठवड्यात आडवे असताना १४६/८० पर्यंत गेला, पण उभे राहिल्यावर १३८/७६ राहिला आणि अंधारी थांबली. ७८ वर्षांच्या, नुकत्याच पडलेल्या बाईसाठी तो मान्य आहे असे डॉक्टरांनी नोंदवले.

ऑक्सिब्युटिनिन गेल्यावर तिसऱ्या दिवसापासून आजींचे बोलणे जुळू लागले. ४एटी ५ वरून १ वर आला. मूत्राशयात उरणारी लघवी ६० मिलिलिटरपर्यंत उतरली. शौच नियमित झाल्यावर लॅक्ट्युलोज गरजेपुरते केले आणि महिन्याभरात ते आपोआप सुटले. बद्धकोष्ठाचे औषध घाईने काढू नका. आतड्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि मध्येच कोंडले तर त्यानेही लघवी अडते.

क्लोनाझेपाम सर्वांत शेवटी आणि सर्वांत सावकाश. आठ महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर अस्वस्थता, कंप, निद्रानाश आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. साधारणपणे दोन आठवड्यांना एक चतुर्थांशपेक्षा जास्त कमी करत नाहीत आणि शेवटी शेवटी आणखी हळू जातात. डॉक्टरांनी ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५ आणि त्यानंतर एक रात्र सोडून एक, अशा पायऱ्या दोन-दोन आठवड्यांच्या ठेवल्या. त्याआधी रात्री उठण्याचे मूळ कारण गेलेले असणे आवश्यक होते, नाहीतर कितीही हळू कमी केले तरी झोप मोडतच राहिली असती. आता आजी रात्री एकदाच उठत होत्या.

क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश जाते. त्यामुळे कमी केल्याचा त्रास दुसऱ्याच रात्री न दिसता काही दिवसांनी दिसतो. डोस कमी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे ठीक आहे असे लिहून निरीक्षण थांबवू नका. आजींना ०.१२५ वर आल्यावर पाचव्या दिवशी झोप लागेना आणि हात थरथरू लागले. आम्ही वर कळवले, डॉक्टरांनी पुन्हा ०.२५ केले, दोन आठवडे तेथेच थांबले आणि मग पुढे गेले. एक पायरी मागे जाणे ही चालणारी गोष्ट आहे, आणि हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे, म्हणजे त्याला ते अपयश वाटत नाही.

त्रास परत आला की तो कशाचा हे ओळखण्यासाठी मी वेळेकडे पाहते. औषध सोडल्याचा त्रास ठराविक काळात येतो, पूर्वी कधी नव्हती अशी लक्षणे आणतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. मूळ आजार परतला तर जुनीच लक्षणे हळूहळू वाढत जातात आणि टिकतात. पॅन्टोप्राझोलचे उदाहरण सोपे आहे. डायक्लोफिनॅक गेल्यावर त्याची गरज उरली नव्हती. आजींना अल्सर किंवा रक्तस्रावाचा इतिहास नव्हता आणि अ‍ॅस्पिरिनही चालू नव्हते. म्हणून ४० चे २० करून चार आठवड्यांनी थांबवले. थांबवल्यावर पोटात आम्ल काही काळ नेहमीपेक्षा जास्त तयार होते, त्यामुळे जळजळ होते आणि रुग्णाला वाटते की गोळीशिवाय आपले चालणारच नाही. “आजी, दोन-तीन आठवडे थोडी जळजळ होईल, मग ती जाईल. काळी शौच झाली किंवा गिळायला त्रास झाला तर मात्र थांबू नका, या,” असे आधीच सांगितल्यावर आजींनी तेवढे दिवस सहज काढले.

टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि मेटफॉर्मिनला कोणी हात लावला नाही. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदाच होते आणि मूत्रपिंडाच्या त्या क्षमतेला तो डोस चालणारा होता. तो फक्त तपासून पाहिला. कोणती औषधे राहू द्यायची याचा निर्णयही पुनरावलोकनातच होतो, आणि तो कारणासह लिहावा. हृदयाची गती कमी करणारी औषधे, क्लोनिडिन, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, झटक्यांची औषधे, पार्किन्सनची औषधे यांच्याबाबत तर “यादी लांब आहे” म्हणून कोणी एकदम बंद करू पाहत असेल तर परिचारिकेने तेथेच थांबून विचारले पाहिजे. बीटा-ब्लॉकर अचानक तोडले तर छातीत दुखणे उफाळते आणि क्लोनिडिन तोडले तर रक्तदाब उसळतो.

घरी जाताना दिलेल्या कागदावर चालू औषधांइतक्याच ठळक अक्षरांत बंद केलेली औषधे असावीत, प्रत्येकापुढे कारण आणि तारीख. आजींच्या कागदावर असे होते: “डायक्लोफिनॅक बंद. कारण: बीपी वाढले, मूत्रपिंडावर ताण. या गटातील कोणतीही गोळी घेऊ नये. ऑक्सिब्युटिनिन बंद. कारण: गोंधळ, लघवी अडणे. फ्युरोसेमाइड बंद. कारण: सूज अ‍ॅम्लोडिपिन १० मुळे होती, हृदयाची इको सामान्य.” घरातली पिशवी आम्ही मुलीसमोर पुन्हा उघडली आणि बंद झालेल्या पट्ट्या वेगळ्या काढल्या. त्या घरात राहिल्या असत्या तर गुडघा दुखल्यावर पहिला हात तिकडेच गेला असता. त्यानंतर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात फोन करून मी पाच गोष्टी विचारल्या: उठताना अंधारी येते का, रात्री किती वेळा उठता, घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटतात का, झोप कशी आहे, आणि नवीन काही घ्यायला सुरुवात केली आहे का.

सहाव्या आठवड्याच्या फोनवर पाचव्या प्रश्नाला मुलगी म्हणाली की मध्यंतरी दुसरीकडे दाखवायला गेले तेव्हा आजींच्या गुडघ्यासाठी एक नवीन गोळी लिहून मिळाली होती, नाव निराळे होते, पण तिने आमचा कागद पुढे केला आणि “ही त्याच गटातली आहे का?” असे विचारले. ती त्याच गटातली होती, आणि तिच्या जागी लावायचे मलम लिहून मिळाले.